सेवा बंद, दिवा मात्र हिरवा

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात अ‍ॅमेझॉनची एस३ ही फायली साठवण्याची सेवा कोलमडली. दुरुस्ती करताना एका कर्मचाऱ्याच्या आज्ञेतला तपशील चुकला आणि ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर बंद झाले. असंख्य संकेतस्थळे अडली. तरीही सेवांची स्थिती सांगणारे अ‍ॅमेझॉनचे पान जवळजवळ दोन तास बदलता आले नाही, कारण ते बदलण्याची यंत्रणाच एस३वर उभी होती. कंपनीला ट्विटरवरून कळवावे लागले.

एवढ्या मोठ्या कंपनीला नडलेली ही गोष्ट एकट्याने सेवा चालवणारा माणूस सहज टाळू शकतो.

समजा, एक प्रोग्रामर शिकवणीवर्गांसाठी फीच्या पावत्यांची सेवा चालवतो. बाहेरची एखादी तपासणी-सेवा दर पाच मिनिटांनी त्याचे मुखपृष्ठ उघडून पाहते आणि 200 हे उत्तर आले की सारे ठीक मानते. एके दिवशी डेटाबेसची डिस्क भरते. मुखपृष्ठ उघडते, जुन्या पावत्याही दिसतात, पण नवी पावती साठवली जात नाही. तपासणीला यातले काहीच कळत नाही. म्हणून त्याने /health असा वेगळा पत्ता ठेवावा. तो उघडला की सर्व्हर डेटाबेसमध्ये एक छोटी नोंद लिहून ती परत वाचेल. जमले तर 200, नाही तर 503. नुसते वाचून भागत नाही, कारण भरलेल्या डिस्कवरूनही वाचता येते.

एकच तपासणी चुकली की फोन वाजवू नये. नेटवर्कच्या क्षणिक अडथळ्याने मध्यरात्री उठवले गेलेला माणूस लवकरच सूचना बंद करून टाकतो. लागोपाठ दोनदा चुकल्यावर कळवणे बरे. त्यात बिघाड कळायला दहा मिनिटांपर्यंत उशीर होतो, पण तो परवडतो. महिन्यात ९९.९ टक्के वेळ सेवा चालू राहील, असे वचन मात्र देऊ नये. त्यात बंद राहायला जेमतेम ४३ मिनिटे मिळतात आणि एकट्या माणसाला झोपही हवी असते.

ग्राहकांसाठीचे स्थितीचे पान वेगळ्या कंपनीच्या सर्व्हरवर आणि शक्यतो वेगळ्या डोमेनवर असावे. मूळ डोमेनचे नूतनीकरण राहून गेले, तर त्याखालचा status ने सुरू होणारा पत्ताही सोबत बंद पडतो. पानावरचा दिवा यंत्राने बदलला तरी मजकूर माणसानेच लिहावा: ‘नव्या पावत्या साठवल्या जात नाहीत. जुन्या पाहता येतात. पुढची माहिती साडेअकराला.’ साडेअकराला दुरुस्ती झाली नसेल, तरी तसे लिहायला हवेच. फी भरायला आलेल्या पालकांसमोर बसलेल्या कारकुनाला कागदी पावती फाडायची की थांबायचे, हे त्यावरून ठरवता येते.

ही व्यवस्था उभारली की एखाद्या रविवारी, ग्राहकांना आधी कळवून, सर्व्हर मुद्दाम पंधरा मिनिटे बंद करून पाहावा. फोन वाजतो का आणि ते पान उघडते का, हे तेव्हाच तपासून घ्यावे.