सव्वा तासाच्या बोलण्यातून तीन ओळी

जांबोटी आणि आसपासच्या वाड्यांतल्या जुन्या माणसांच्या मुलाखती आपण घेतो, तेव्हा सव्वा तासाचं बोलणं कागदावर उतरलं की वीस-पंचवीस पानं सहज होतात. एवढं सगळं कुणी वाचत नाही. म्हणून लेखाच्या मध्ये मोठ्या अक्षरांत दोन-तीन वाक्यं काढून लावतो. बरेच लोक तेवढंच वाचतात आणि त्या माणसाचं मत म्हणून तेवढंच लक्षात ठेवतात. म्हणूनच या ओळी निवडताना आम्ही जरा जपून असतो.

एक उतारा पाहू. कुणाचं घरगुती बोलणं उघड्यावर येऊ नये म्हणून हा नमुना आम्हीच जुळवला आहे, पण बोलण्याची रीत इथलीच आहे. आजोबा चोर्ल्याच्या घाटातून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल सांगत आहेत:

“आमी पोरं गाडीबैलांबरोबर जायाचो. रानात भ्या वाटतं म्हणे, म्हातारी सांगायची. आमाला काय वाटलं न्हाई. आता डांबर झालं, सोय झाली, बरं झालं की. पोटासाठी माणसाला जायलाच पायजे, त्याला मी नावं ठेवत न्हाई. पण रस्त्यानं न्हेली ती परत आणली न्हाई.”

पहिल्या नजरेला शेवटचं वाक्य भरतं. ते एकटंच मोठं करून लावलं, तर आजोबा रस्त्याच्या विरोधात आहेत असं वाटेल. त्यांनी तर आधीच ‘बरं झालं की’ म्हटलंय आणि जाणाऱ्यांना नावं ठेवत नाही असंही सांगितलंय. पुण्या-मुंबईला गेलेला त्यांचा मुलगा ती ओळ वाचेल, तेव्हा त्याला ती आपल्यावरच टाकलेली वाटेल. आणि आजोबांना तर ते मुळीच म्हणायचं नव्हतं. म्हणून ओळ अशी घ्यायची:

“पोटासाठी माणसाला जायलाच पायजे, त्याला मी नावं ठेवत न्हाई. पण रस्त्यानं न्हेली ती परत आणली न्हाई.”

वाक्यं दोन, शब्द सोळा, आणि मधलं काही गाळलेलं नाही. ‘पण’नं सुरू होणारं वाक्य त्याच्या आधीच्या वाक्याशिवाय घ्यायचं नाही, हा आमचा सर्वांत उपयोगी नियम झाला आहे. मुलाखत देणारा माणूस आपलं खरं मत बहुतेक वेळा ‘पण’च्या दोन्ही बाजूंना ठेवतो.

आता भीतीचं वाक्य. ‘रानात भ्या वाटतं’ एवढंच उचललं तर ते आजोबांचं झालं. ते तर म्हाताऱ्यांचं होतं. ‘म्हणे’ हा एवढासा शब्द ऐकीव आणि स्वतःचं यांतली भिंत आहे. जागा वाचवायची म्हणून तो काढला, की सांगणारा साक्षीदार बनतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचंही तसंच. एखादी आजी ‘आपण मराठी शाळेत शिकलो’ म्हणते, तेव्हा ती समोर बसलेल्यालाही त्यात धरते. भाषा नीटनेटकी करण्याच्या भरात ‘आम्ही’ केलं, तर समोरचा बाहेर पडतो. आमच्याकडून ही चूक झालेली आहे.

प्रश्नातले शब्दही बोलणाऱ्याच्या तोंडी जातात. ‘गाव ओस पडलं ना?’ असं विचारल्यावर ‘व्हय’ म्हटलं, तर ‘गाव ओस पडलं’ हे आपलं वाक्य, त्यांचं नव्हे. असं ‘व्हय’ ओळीसाठी घेऊच नये.

‘न्हाई’चं ‘नाही’ करायचं का, यावर आमच्यात मतभेद आहेत. आमचं मत, करू नये. मात्र एका माणसाचं बोलणं तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या शिकलेल्याचं सुधारायचं, असं केलं तर पहिल्याची चेष्टा केल्यासारखी होते. एकच रीत सगळ्यांना लावावी. मध्ये शब्द गाळला तर तीन टिंबं द्यावीत. कळण्यासाठी आपला शब्द घातला तर तो चौकोनी कंसात. एका ओळीत दोनदा टिंबं लागली, तर ती ओळ सोडून द्यावी, कारण ती जोडाजोड झालेली असते.

कागदावरून आठ-दहा जागा खुणावल्या, की प्रत्येकीच्या आधीची आणि नंतरची पाच वाक्यं रेकॉर्डिंगवर ऐकतो. कागदावर हसू दिसत नाही. ‘लई उपकार झाले सरकारचे’ हे वाक्य हसत म्हटलेलं असेल तर ते मोठ्या अक्षरांत जाऊच शकत नाही, कारण वाचणारा ते खरं धरेल. या चाळणीतून तीन-चार उरतात.

मग फोन करून त्या ओळी वाचून दाखवायच्या. ‘असंच म्हणायचं होतं ना?’ असं विचारलं तर बहुतेक जण संकोचानं हो म्हणतात. ‘ही ओळ तुमच्या मुलानं वाचली तर त्याला काय वाटेल?’ असं विचारून बघा. तेव्हा कळतं, की एखादी ओळ त्यांना नकोच होती. ती काढतो, भले ती सगळ्यांत चांगली का असेना.