डाग जावा, त्वचा राहावी

फोटोतली पुटकुळी घालवणं दोन मिनिटांचं काम आहे. शेजारच्या स्वच्छ त्वचेचा तुकडा उचलून पुटकुळीवर बसवला की झालं. व्हिडिओत तीच पुटकुळी सेकंदाला 25 वेळा समोर येते, आणि प्रत्येक वेळी ती जराशा वेगळ्या जागी, वेगळ्या उजेडात असते. त्यामुळे घाईच्या कामात सगळा चेहराच धूसर करून टाकण्याची पळवाट काढली जाते. त्यात डाग जातो खरा, पण त्याच्याबरोबर रोमरंध्रं, गालावरची लव आणि डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषाही जातात. समोर उरतो तो गुळगुळीत, निर्जीव चेहरा. बघणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय हे सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडलंय हे त्याला लगेच जाणवतं.

डाग सौम्य करायचा आणि त्वचेचा पोत जसाच्या तसा ठेवायचा, हे जमतं. त्यासाठी चेहऱ्याच्या नेमक्या भागापुरता मास्क आखावा लागतो आणि तो मास्क चेहऱ्याबरोबर चालवावा लागतो. एक उदाहरण घेऊ. माहितीपटासाठी एका शिक्षिकेची मुलाखत 4K मध्ये चित्रित झाली आहे. तिचा क्लोजअप 12 सेकंदांचा आहे, म्हणजे 300 फ्रेम. दोन्ही गालांवर वांग आहे आणि हनुवटीवर त्याच आठवड्यात उठलेली लाल पुटकुळी. बोलताना ती मान डावीकडे वळवते आणि शेवटी कपाळावरची बट मागे सारते, तेव्हा तिचा हात गालासमोरून जातो.

डाग पुसण्याआधी तो चित्रात कशामुळे दिसतो हे बघायला हवं. पुटकुळी पहिल्यांदा नजरेत भरते ती लालीमुळे. म्हणजे तिथला रंग आजूबाजूच्या त्वचेपेक्षा वेगळा असतो. दुसरं म्हणजे तो भाग जरा काळवंडलेला असतो. तिसरं कारण तिचा उंचवटा: एका बाजूला चमक आणि दुसऱ्या बाजूला बारीकशी सावली. वांगाला उंचवटा नसतो. तिथे फक्त रंग आणि गडदपणा. त्वचेचा पोत मात्र जवळजवळ सगळा उजेड-सावलीच्या अगदी बारीक फरकांत असतो, रंगात फारसा नसतो. हे एकदा लक्षात आलं की पुढचं काम सोपं होतं. रंग कितीही दुरुस्त केला तरी पोताला धक्का लागत नाही.

म्हणून सुरुवात रंगापासून. डाव्हिंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पुटकुळीभोवती छोटी गोल विंडो आखायची, तिची कड चांगली मऊ ठेवायची आणि आतली लाली शेजारच्या त्वचेकडे वळवायची. हे नजरेच्या भरवशावर करण्यापेक्षा व्हेक्टरस्कोप उघडावा. त्यावर त्वचेच्या रंगासाठी एक तिरकी रेषा असते. गोऱ्या, सावळ्या, काळ्या अशा सगळ्या त्वचांचे रंग साधारण त्या रेषेच्या आसपास पडतात, कारण त्वचेखालचं रक्त आणि मेलॅनिन सगळ्यांकडे आहे, फरक प्रमाणाचा. पुटकुळीचे ठिपके त्या रेषेपासून लाल बाजूला सरकलेले दिसतात. ते परत रेषेजवळ आले की पुष्कळदा निम्मं काम तिथेच होतं. एवढ्यावर थांबता आलं तर खुशाल थांबावं.

वांगाचा गडदपणा मात्र असा जात नाही. त्यासाठी चित्राचे दोन थर करावे लागतात. याला फ्रीक्वेन्सी सेपरेशन म्हणतात. मूळ चित्र थोडं धूसर केलं की खालचा थर मिळतो. त्यात मोठे रंगपट्टे आणि सावल्या असतात. मूळ चित्रातून हा धूसर थर वजा केला की उरतो तो वरचा थर, म्हणजे रोमरंध्रं, लव आणि कॅमेऱ्याचा बारीक रवा. दुरुस्ती फक्त खालच्या थरात करायची आणि वरचा थर जसाच्या तसा परत मिळवायचा. दुरुस्ती नसलेल्या जागी बेरीज केल्यावर मूळ चित्रच परत मिळतं, त्यामुळे मास्कच्या बाहेर काहीही हलत नाही.

सगळं अवलंबून असतं ते धूसर करण्याच्या त्रिज्येवर. चाळणीच्या भोकांसारखंच आहे हे: भोक किती मोठं, त्यावर काय खाली जाणार आणि काय वर राहणार ते ठरतं. शिक्षिकेचा चेहरा सुमारे 14 सेंटिमीटर रुंद आहे आणि फ्रेममध्ये तो साधारण 1400 पिक्सेल व्यापतो असं धरू. म्हणजे एका मिलिमीटरला 10 पिक्सेल. रोमरंध्र मिलिमीटरच्या एक ते तीन दशांश एवढं, म्हणजे एक ते तीन पिक्सेल. पुटकुळी चार मिलिमीटरची, म्हणजे 40 पिक्सेल. वांगाचा पट्टा दोन सेंटिमीटरचा, म्हणजे 200. तेव्हा त्रिज्या तीनपेक्षा बरीच मोठी आणि 40 पेक्षा बरीच लहान हवी. सहा ते आठ पिक्सेल इथे योग्य पडते. ती एक-दोनवर ठेवली तर रंध्रं खालच्या थरात उतरतात आणि दुरुस्तीत पुसली जातात. 30 वर नेली तर पुटकुळीचा बराच भाग वरच्या थरात अडकतो आणि कितीही दुरुस्ती करा, तिची छाया दिसतच राहते. हाच चेहरा कमरेपर्यंतच्या शॉटमध्ये 300 पिक्सेलचा झाला की रंध्रं चित्रात उरतच नाहीत. तिथे या खटाटोपाची गरज नाही, नुसती रंगाची दुरुस्ती पुरते.

आता खालच्या थरात काय करायचं? इथे आणखी धूसरपणा वाढवण्याचा मोह होतो, तो टाळावा. गडद पट्टा धूसर केला की त्याची काळपट झाक स्वच्छ त्वचेवर पसरते आणि सगळा गालच मळकट दिसतो. त्यापेक्षा मास्कच्या आत उजेड थोडा वाढवायचा आणि रंग शेजारच्या त्वचेशी जुळवायचा. वांग पूर्ण घालवू नये. साधारण दोन-तृतीयांश उतरलं की थांबावं. गालाच्या हाडावरून खाली येताना त्वचेचा रंग मुळातच बदलत जातो. तो बदल सपाट केला की गालाची गोलाई जाते.

एवढं सगळं एका फ्रेमवर झालं. आता मास्क चालवायचा, आणि बहुतेक काम बिघडतं ते इथेच. ट्रॅकर विंडोच्या आतले ठळक बिंदू पकडतो आणि पुढच्या फ्रेममध्ये ते कुठे गेले ते शोधतो. स्वच्छ, मऊ उजेडातल्या गालावर पकडण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून ट्रॅकर घसरतो. त्यावर उपाय म्हणजे ट्रॅकिंगसाठी वेगळी, मोठी विंडो आखायची. तिच्यात डोळ्याचा कोपरा, नाकपुडी आणि एखादा तीळ घ्यायचा, पण पार्श्वभूमी आणि सुटे केस घ्यायचे नाहीत, कारण तिथले बिंदू चेहऱ्याबरोबर हलत नाहीत आणि मास्कला भलतीकडे ओढतात. ट्रॅक नीट बसला की त्याची माहिती कॉपी करून डागाच्या विंडोला द्यायची. सुरुवात पहिल्या फ्रेमपासूनच करायची असा नियम नाही. चेहरा सर्वांत समोर आणि स्पष्ट असेल त्या फ्रेमपासून पुढे आणि मागे असा दोन्हीकडे ट्रॅक करावा.

हनुवटीला मात्र गालाचा ट्रॅक चालत नाही. बोलताना जबडा वेगळा हलतो आणि हनुवटीवरची त्वचा हाडावरून सरकते. तिथे पुटकुळीच कामाला येते: आजूबाजूच्या त्वचेपेक्षा वेगळी असल्यामुळे ट्रॅकरला पकडायला ती उत्तम. अट एकच, ट्रॅकिंग दुरुस्तीच्या आधीच्या चित्रावर करायचं. आधी पुटकुळी घालवली आणि मग ट्रॅक करायला गेलं तर पकडायला काही उरत नाही.

मान वळते तेव्हा दूरचा गाल आक्रसतो आणि त्याच्यावरचा उजेडही बदलतो. ट्रॅकरला रुंदी आणि तिरकेपणा थोडाफार सांभाळता येतो, पण उजेडाचं त्याला काही कळत नाही. समोरून पाहताना बरोबर वाटलेली दुरुस्ती सावलीत गेल्यावर फिकट ठिपका होऊन चमकते. म्हणून वळण्याच्या आधी एक आणि नंतर एक अशा की-फ्रेम ठेवून दुरुस्तीचं प्रमाण उतरवावं लागतं. मान झटकन वळली तर त्या पाच-सहा फ्रेममध्ये चेहराच हलण्याने धूसर झालेला असतो, डागही विरलेला असतो, आणि दुरुस्ती जवळजवळ बंद ठेवली तरी चालतं.

हात समोर आला की ट्रॅकर हाताचे बिंदू पकडतो आणि मास्क बोटांबरोबर निघून जातो. ट्रॅकरच्या आलेखात हे लगेच कळतं: सपाट चाललेली रेषा एकदम उसळी मारते. तेवढा भाग निवडून पुसायचा, हात येण्याआधीची आणि गेल्यानंतरची जागा हाताने जुळवायची आणि मधला प्रवास सॉफ्टवेअरला भरू द्यायचा. शिवाय हाताच्या आकाराची दुसरी विंडो आखून ती पहिल्यातून वजा करावी लागते, नाहीतर गालाची दुरुस्ती बोटांवर उमटते. हे काम फ्रेम-फ्रेम बघून करायचं आहे. त्याला दुसरा मार्ग मला माहीत नाही.

तपासणी करताना चित्र थांबवून बघू नये. थांबलेल्या फ्रेममध्ये सुबक दिसणारं काम चालत्या चित्रात उघडं पडतं. पूर्ण वेगाने चालवून आधी गालाकडे न बघता डोळ्यांकडे बघावं. कडेला एखादा ठिपका तरंगल्यासारखा वाटला तर मास्क घसरतो आहे. त्वचा खदखदल्यासारखी वाटली तर ट्रॅकला कंप आहे. आणि एखादी जागा नुसतीच मेलेली वाटली, तर तिथला कॅमेऱ्याचा रवा पुसला गेला आहे. हा रवा सगळ्या फ्रेमभर सतत हलत असतो. तो एका तुकड्यापुरता थांबला की नजर तिथेच जाते. दोन थरांच्या पद्धतीत तो वरच्या थरात सुरक्षित राहतो, आणि माझ्या मते तिचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. वरच्या थरात जे मुळात नाही ते परत मिळवता येत नाही. मोबाइलवर कमी उजेडात काढलेल्या व्हिडिओत फोननेच रवा घालवताना रंध्रं पुसलेली असतात आणि फाइल लहान करताना उरलासुरला पोत चौकटींत विरतो. मेकअपचा जाड थर असेल तरी तेच. अशा वेळी सगळ्या फ्रेमवर, चेहऱ्यासकट पार्श्वभूमीवरही, हलकासा रवा चढवला तर दुरुस्तीचे तुकडे लपतात. फक्त चेहऱ्यावर चढवला तर ते आणखी दिसतात.

काय घालवायचं हा निर्णय शेवटी त्या चेहऱ्याच्या माणसाचा आहे आणि तो काम सुरू होण्याआधी विचारायला हवा. पुटकुळी आठवड्याभरात जाणारच होती, ती काढताना मनाला काही वाटू नये. तीळ, जुना व्रण, देवीचे वण या माणसाच्या ओळखीच्या खुणा आहेत. सांगितल्याशिवाय त्यांना हात लावू नये. वांग या दोन्हींच्या मधलं. नॉर्वेत 1 जुलै 2022 पासून जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा अशी बदललेली असेल तर त्यावर तसं ठळक चिन्ह लावणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या शिक्षिकेचा चेहरा जाहिरातीतला नाही, माहितीपटातला आहे, म्हणून तिथे हात आणखी आखडता हवा. त्याच मुलाखतीतले बाकीचे शॉटही शेजारी लावून बघावेत: एका शॉटमध्ये वांग दोन-तृतीयांश उतरलं आणि पुढच्यात तसंच राहिलं, तर प्रेक्षकाला दोन वेगवेगळ्या दिवशींचा चेहरा दिसतो.