खिडकीतला पारवा आणि मांजराचा जबडा

बाल्कनीच्या जाळीबाहेर पारवा येऊन बसला की घरातलं मांजर आधी स्तब्ध होतं. अंग जमिनीला टेकतं, कान आणि मिशा पुढे झुकतात, शेपटीचं फक्त टोक हलत राहतं. मग एकाएकी खालचा जबडा भराभर थरथरू लागतो आणि दातांची कटकट ऐकू येते. कधी तिच्यात 'एक्-एक्-एक्' असा तुटक स्वर मिसळतो, तर कधी जबडा नुसताच हलतो. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या ध्वनिशास्त्रज्ञ सुझान शॉट्स यांनी मांजरांचे आवाज ध्वनिमुद्रित करून अभ्यासले आहेत. ही बिनस्वराची कटकट आणि पाखरासारखी सस्वर चिवचिव या दोन गोष्टी त्या वेगळ्या धरतात. एकच मांजर एकाच पाखराकडे बघताना दोन्ही करतं, म्हणून आपल्याला तो सगळा एकच आवाज वाटतो.

जबडाच का हलतो, हे समजायला मांजर शिकार कशी करतं ते पाहावं लागतं. टक लावणं, दबकत जाणं, झेप, पंजाने दाबून धरणं आणि शेवटी मानेचा चावा, असा तिचा क्रम असतो. यातला चावा फार नेमका असतो. मांजर आपले लांब सुळे उंदराच्या किंवा पाखराच्या मानेच्या दोन मणक्यांमध्ये घुसवतं आणि आतला मज्जारज्जू तोडतं, त्यामुळे सावज जवळपास तत्काळ मरतं. हे साधायला वेळ लावून चालत नाही. शिंगावर येणारी घूस किंवा चोच मारणारं पाखरू मांजराचा डोळाही फोडू शकतं. म्हणून जबडा झटपट मिटायला हवा आणि सुळ्यांना फट सापडायला हवी.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ डेस्मंड मॉरिस यांनी १९८६ सालच्या 'कॅटवॉचिंग' या पुस्तकात कटकटीचा संबंध याच चाव्याशी जोडला. सावज समोर आहे, मांजर पेटून उठलं आहे, पण मध्ये काच आहे. झेप आणि पकड होऊच शकत नाही आणि शेवटची हालचाल हवेतच होऊन जाते, असं हे स्पष्टीकरण.

ते पटण्यासारखं आहे, पण पुरेसं नाही. काच नसतानाही, अंगणातल्या झाडावर उंच बसलेल्या पाखराकडे बघून मांजर कटकटतं. छतावरच्या पालीकडे बघून कटकटणारी मांजरंही आपल्याकडे पुष्कळ घरांत आहेत. म्हणजे अडवणूक काचेची नसून अंतराची आहे. सावज दिसतंय पण आवाक्याबाहेर आहे, एवढं पुरतं. शिवाय घशातला तो स्वर चाव्याने उलगडत नाही. प्रत्यक्ष मान पकडताना मांजर असं ओरडत नाही.

त्या स्वरासाठी दुसरी कल्पना मांडली जाते ती नकलेची. २००५ साली ब्राझीलमध्ये, मानाउसजवळच्या अदोल्फो दुके राखीव जंगलात, संशोधक पाइड टॅमरिन या छोट्या माकडांच्या कळपावर नजर ठेवून होते. माकडं झाडावर खात असताना त्यांच्या पिल्लांसारखा आवाज आला. तो मार्गे नावाच्या रानमांजराने काढला होता. पहाऱ्यावरचं माकड आवाजाच्या दिशेने गेलं. मांजर जवळ येताच त्याने इशारा दिला आणि कळप पळाला. शिकार फसली, पण नोंद मोलाची ठरली.

तरीही तिच्यावरून आपलं मांजर पारव्याला फसवतंय असं म्हणणं मला ताणलेलं वाटतं. मार्गे झाडीत लपून आवाज काढत होतं, आपलं मांजर मात्र पारव्याच्या डोळ्यांसमोर बसलेलं असतं. बिनआवाजाच्या कटकटीने तर कोणीच फसणार नाही. माझा कौल अनावर झालेल्या शिकारी उत्तेजनेला आहे: जबडा चाव्याच्या तयारीत हलतो आणि ताण वाढला की घसाही त्यात ओढला जातो.

ही कटकट निरुपद्रवी आहे. तिच्यामुळे मांजराला शिक्षा करू नये की खिडकीवरून हाकलू नये. पाखरू उडून गेल्यावर दोरीला पिसं बांधून मांजरासमोर फिरवा आणि शेवटी ती त्याच्या पंजात आणि दातांत येऊ द्या. लेझरचा ठिपका पकडता येत नाही, म्हणून त्याने शिकारीचा शेवट होत नाही.

एक कटकट मात्र वेगळी ओळखायला हवी. समोर पाखरू नाही, पाल नाही, आणि खाताना किंवा जांभई देताना जबडा थरथरतो. लाळ गळते, घास तोंडातून पडतो, कडक खाणं नको होतं. मांजरांमध्ये दात झिजत जाण्याचा आजार बराच आढळतो आणि तो फार दुखतो. अशा दाताला नुसता स्पर्श झाला तरी जबडा कटकटतो, अगदी भूल दिलेली असतानाही. शुद्धीत असताना जबडा पुन्हापुन्हा थरथरून तोंडाला फेस येत असेल तर झटकाही असू शकतो. तसं दिसलं तर मोबाइलवर चित्रीकरण करून ते पशुवैद्यांना दाखवा.