मेंटेनन्सच्या वाढीबद्दल खजिनदाराला पत्र : चौरस फुटाचा हिशोब कसा मांडावा

गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर एखाद्या महिन्यात सूचना लागते की, वाढता खर्च लक्षात घेऊन मेंटेनन्सचा दर दर चौरस फुटाला ३ रुपयांवरून ३ रुपये ८० पैसे करण्यात येत आहे. ऐंशी पैसे म्हणजे फार नाही, असे पाहताक्षणी वाटते. पण ही वाढ जवळजवळ २७ टक्क्यांची असते आणि ती दर महिन्याला, पुढे कायम द्यायची असते. अशा वाढीबद्दल सभासदाने खजिनदाराला लिहिलेले पत्र दोन प्रकारचे असू शकते. एकात नुसती नाराजी असते. त्याला ‘महागाई वाढली आहे’ एवढे उत्तर पुरते. दुसऱ्यात हिशोब असतो. त्याला उत्तर म्हणून हिशोबच द्यावा लागतो. हा दुसऱ्या प्रकारचा हिशोब कसा मांडायचा, ते एका नमुना संस्थेच्या आकड्यांवरून पाहता येईल.

समजा, पुण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत ६० सदनिका आहेत. त्यांपैकी ३० सदनिका ४५० चौरस फुटांच्या आणि ३० सदनिका ६५० चौरस फुटांच्या आहेत. एकूण क्षेत्र ३३,००० चौरस फूट भरते. ही सारी क्षेत्रे चटई क्षेत्रे आहेत, आणि पत्रात ते स्पष्ट लिहिणे आवश्यक असते. एकाच सदनिकेचे चटई क्षेत्र ६५० आणि विक्रीच्या वेळी सांगितलेले सुपर बिल्ट-अप क्षेत्र ८४५ चौरस फूट असू शकते. महिन्याला भरले जाणारे १,९५० रुपये पहिल्या क्षेत्रावर ३ रुपये दराचे ठरतात, तर दुसऱ्यावर २ रुपये ३१ पैसे दराचे. शेजारच्या संस्थेत दर कमी आहे, हा युक्तिवाद अनेकदा याच फरकामुळे कोसळतो.

हिशोबाची पहिली पायरी म्हणजे एका पैशाची किंमत काढणे. ३३,००० चौरस फुटांवर दर एका पैशाने वाढला, तर महिन्याला ३३० आणि वर्षाला ३,९६० रुपये जास्त जमा होतात. म्हणजे ८० पैशांच्या वाढीतून संस्थेकडे वर्षाला ३,१६,८०० रुपये जादा येतील. जुन्या दराने वर्षाला ११,८८,००० रुपये जमा होत होते; नव्या दराने १५,०४,८०० रुपये होतील. पत्राचा सगळा प्रश्न या तीन लाखांच्या वर असलेल्या रकमेभोवती फिरतो.

दुसरी पायरी म्हणजे खर्चाची बाजू. ती गेल्या वर्षीच्या लेखापरीक्षित जमाखर्चातून घ्यायची असते, ऐकीव माहितीतून नव्हे. सभासदाला संस्थेचे जमाखर्च, उपविधी आणि स्वतःच्या व्यवहाराशी संबंधित नोंदी पाहण्याचा व शुल्क भरून त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने दिलेला आहे. नमुना संस्थेचा गेल्या वर्षीचा खर्च ११,७६,००० रुपये होता, म्हणजे १२,००० रुपये शिल्लक राहिली. यात मालमत्ता कर, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड धरलेले नाहीत, कारण ते बिलात वेगळ्या ओळींवर येतात. ते मेंटेनन्समध्ये मिसळले तर पुढचा सारा हिशोब बिघडतो.

आता कोणता खर्च किती वाढला ते पाहायचे. सुरक्षा रक्षकांच्या एजन्सीचे बिल महिन्याला ४०,००० वरून ४५,००० रुपये झाले. वर्षाची वाढ ६०,००० रुपये. पाण्याच्या टँकरवर गेल्या वर्षी १,३२,००० रुपये खर्च झाले होते. यंदाचा अंदाज १,८०,००० आहे, म्हणजे वाढ ४८,००० रुपये. सफाई, जिन्यातील व पंपाची वीज, लिफ्टचा वार्षिक देखभाल करार, विमा आणि कार्यालयीन खर्च यांची मिळून वाढ ३६,००० रुपये. एकूण वाढ १,४४,००० रुपये. एका पैशाच्या किमतीने भागले की चित्र स्वच्छ दिसते : सुरक्षेचे साधारण १५ पैसे, टँकरचे १२ पैसे, उरलेल्या बाबींचे ९ पैसे. गेल्या वर्षीची शिल्लक जुन्याच दरातून आली होती. तिचे ३ पैसे वजा केले की खरी गरज दर चौरस फुटाला ३३ पैशांची निघते. मागणी मात्र ८० पैशांची आहे. उरलेल्या ४७ पैशांचे, म्हणजे वर्षाच्या १,८४,८०० रुपयांचे कारण सूचनेत दिलेले नाही.

पत्राचा गाभा एवढाच असतो आणि तो थोडक्यात लिहिता येतो :

“मा. खजिनदार, स. न. वि. वि. मेंटेनन्सचा दर ३.०० वरून ३.८० रुपये करण्याची सूचना वाचली. सुरक्षा, टँकर व इतर बाबींच्या वाढीसाठी मागील शिल्लक वजा जाता वर्षाला १,३२,००० रुपये, म्हणजे चटई क्षेत्राच्या दर चौरस फुटाला सुमारे ३३ पैसे लागतात, असे सोबतच्या तक्त्यावरून दिसते. ही वाढ मला मान्य आहे. उरलेले सुमारे ४७ पैसे कोणत्या खर्चासाठी आहेत, तो खर्च एकदाच होणार आहे की दरवर्षी, आणि तो सेवा शुल्कातून का करायचा, याचा खुलासा कृपया लेखी करावा. माझ्या आकड्यांत चूक असल्यास तीही दाखवावी. आपला, सभासद, सदनिका क्र. ३०४.”

या पत्रातील सर्वांत उपयोगी प्रश्न ‘एकदाच की दरवर्षी’ हा आहे. नमुना संस्थेत त्याचे उत्तर असे मिळते की, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी १,८०,००० रुपयांचे दरपत्रक आले आहे. काम गरजेचे असते, आकडाही खोटा नसतो; पण पैसे उभे करण्याची वाट चुकलेली असते. गच्चीचे काम एकदा झाले की काही वर्षे करावे लागत नाही. मासिक दर मात्र एकदा वाढला की काम संपल्यावर खाली येत नाही. पाच वर्षांत त्या ४७ पैशांतून सव्वानऊ लाख रुपये जमा होतील आणि कामाचे बिल पावणेदोन लाखांच्या आसपासच राहील. अशा कामांसाठी आदर्श उपविधींत दुरुस्ती व देखभाल निधी वेगळा ठेवलेला आहे. त्याचा दर सर्वसाधारण सभा ठरवते आणि तो सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के असावा लागतो. सिंकिंग फंडासाठी हे प्रमाण जमिनीची किंमत सोडून बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आहे. म्हणून सभासदाने पुढे विचारायचे ते दुरुस्ती निधीत आज किती शिल्लक आहे, हे. निधी पुरेसा असेल तर त्यातून काम व्हावे. तो रिकामा असेल तर सभेपुढे ठराव आणून त्या कामापुरती वर्गणी घ्यावी. दोन्ही वाटांनी पैशाचा हिशोब काम संपताच मिटतो.

इथपर्यंतचा प्रश्न एकूण रक्कम किती हवी, हा होता. ती रक्कम सभासदांत कशी वाटायची, हा दुसरा आणि स्वतंत्र प्रश्न आहे. येथे चौरस फुटाचा दर हाच अडचणीचा ठरतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सुरक्षा, सफाई, सामायिक वीज, कार्यालय यांसारखे सेवा शुल्क क्षेत्रफळावर आकारायचे नसते; ते सर्व सदनिकांना समान असते. पहारेकरी मोठ्या घराची जास्त आणि लहान घराची कमी राखण करत नाही, हे त्यामागचे साधे कारण. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतील सभासदांत समान वाटला जातो. पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेतील नळजोडांची संख्या व आकार यांवर विभागला जातो.

हा नियम लावला तर नमुना संस्थेचे आकडे बदलतात. योग्य ठरलेला एकूण खर्च १३,२०,००० रुपये आहे. त्यातून टँकरचे १,८०,००० वेगळे काढले की ११,४०,००० रुपये उरतात. ते ६० सदनिकांत समान वाटले तर प्रत्येकी महिन्याला १,५८३ रुपये येतात. लहान सदनिकेत सारख्या आकाराचे ५ आणि मोठ्या सदनिकेत ७ नळजोड धरले, तर पाण्याचे अनुक्रमे २०८ व २९२ रुपये होतात. म्हणजे लहान सदनिकेला सुमारे १,७९२ आणि मोठ्या सदनिकेला १,८७५ रुपये. खजिनदारांच्या ३.८० दराने हेच आकडे १,७१० आणि २,४७० येतात.

यातली मेख पत्र लिहिणाऱ्याने आधीच ओळखलेली बरी. समान वाटणीने मोठ्या सदनिकेचे महिन्याला जवळजवळ ६०० रुपये वाचतात. लहान सदनिकेला मात्र वाढीव दरापेक्षाही ८२ रुपये जास्त भरावे लागतात. म्हणून मोठ्या घराच्या सभासदाने दोन्ही प्रश्न एकाच परिच्छेदात कालवले, तर लहान घरांचे सभासद एकूण रकमेच्या प्रश्नावरही त्याच्या बाजूने उभे राहत नाहीत. एकूण रकमेचा प्रश्न सर्वांच्या हिताचा आहे. तो आधी मांडावा. वाटणीचा प्रश्न वेगळ्या पत्रात, उपविधींचा आधार देऊन मांडावा.

येथे एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. इमारत सहकारी संस्थेऐवजी महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली नोंदलेली असेल, तर सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात वाटला जातो. हा हिस्सा घोषणापत्रात दिलेला असतो. तिथे मोठ्या सदनिकेला साधारणपणे जास्त भरावे लागते आणि समान वाटणीची मागणी टिकत नाही. त्यामुळे पत्र लिहिण्यापूर्वी इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, हे नोंदणी प्रमाणपत्रावर पाहून घ्यावे.

पत्र खजिनदाराच्या नावे लिहिले तरी त्याची प्रत सचिवांना द्यावी, कारण आकारणीचा निर्णय एकटा खजिनदार घेत नसून तो कार्यकारी समितीचा असतो. दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी. खुलासा येईपर्यंत बिल थकवू नये. उपविधींनुसार थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकते, आणि थकबाकीदार ठरलेल्या सभासदाचा प्रश्न कितीही योग्य असला तरी चर्चा त्याच्या थकबाकीवरच येऊन थांबते. ‘हरकत राखून रक्कम भरत आहे’ असे लिहून पैसे भरावेत. उत्तर आले नाही किंवा कागद दाखवले गेले नाहीत, तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयाकडे पोच घेतलेल्या प्रतीसह तक्रार करता येते.

त्याआधीची जागा मात्र वार्षिक सर्वसाधारण सभा ही आहे. ती दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, आणि तीत लेखापरीक्षित जमाखर्च व पुढील वर्षाचे अंदाजपत्रक सभासदांपुढे येते. सभासदाने सभेला जाण्यापूर्वी आपल्या संस्थेत एका पैशाची वर्षाची किंमत किती, एवढा एक आकडा काढून ठेवावा. पुढे येणारी प्रत्येक वाढ त्या आकड्याने तपासता येते.