‘आहे’ नसलेली भाषा

दुबई, दोहा किंवा मस्कतला राहत असाल, तर ऑफिसात किंवा शेजारी एखादं फिलिपिनो कुटुंब हमखास असतं. त्यांचं आपापसातलं बोलणं आपल्या कानावर पडतं, पण त्या भाषेत एक गोष्ट नाही हे सहसा लक्षात येत नाही. मनिलाच्या आसपासच्या तागालोग भाषेत आपल्या ‘आहे’ला प्रतिशब्दच नाही.

मराठीतही आपण ‘आहे’ गाळतो. ‘हा माझा भाऊ’, ‘माझं नाव सुनील’ ही पूर्ण वाक्यं आहेत. पण काळ बदलला की क्रियापद परत येतं: ‘घर स्वच्छ होतं’. लेखी अरबीतही तसंच. वर्तमानात नुसतं ‘घर मोठं’ म्हणून भागतं, भूतकाळात मात्र ‘काना’ हे क्रियापद आणावं लागतं. तागालोगला तेव्हाही त्याची गरज पडत नाही.

मग ‘स्वच्छ घर’ आणि ‘घर स्वच्छ आहे’ यांत फरक कसा करायचा? मराठीत तो ‘आहे’वरून आणि शब्दांच्या क्रमावरून कळतो. तागालोगमध्ये ते काम दोन छोटे शब्द करतात. मालिनिस म्हणजे स्वच्छ, बाहाय म्हणजे घर. ‘मालिनिस ना बाहाय’ म्हणजे ‘स्वच्छ घर’. इथे ‘ना’ विशेषणाला नामाशी बांधतो आणि दोन्ही मिळून एकच पदबंध होतो. ‘मालिनिस आङ बाहाय’ म्हणजे ‘घर स्वच्छ आहे’. ‘आङ’ सांगतो की आता ज्याच्याबद्दल बोलतोय ते आलं. त्याच्या आधी जे आलं ते वर्णन. काल स्वच्छ होतं असं म्हणायचं असेल, तर शेवटी ‘काहापोन’ म्हणजे ‘काल’ जोडा: ‘मालिनिस आङ बाहाय काहापोन’. बाकी काहीच बदलत नाही.

‘आङ’ किती काम करतो हे पाहायला दोन्हीकडे नाम ठेवून बघा. ‘बाबाए’ म्हणजे बाई आणि ‘गुरो’ म्हणजे शिक्षक. हा ‘गुरो’ मुळात आपल्या ओळखीचा, संस्कृत ‘गुरु’वरूनच तिकडे गेलेला. ‘गुरो आङ बाबाए’ म्हणजे ‘ती बाई शिक्षिका आहे’. आता ‘आङ’ दुसऱ्या नामापुढे नेऊन ‘बाबाए आङ गुरो’ म्हणा. अर्थ होतो, ‘शिक्षक आहेत त्या बाई आहेत’, म्हणजे पुरुष नव्हेत. शब्द तेच, फक्त कोण माहीत असलेलं आणि कोणती माहिती नवी, हे उलटलं.

इथे तुम्ही विचाराल, की ‘आय’ हा शब्दही ऐकू येतो, तो काय? ‘आङ बाबाए आय गुरो’ असंही म्हणतात, आणि इंग्रजीतून तागालोग शिकणाऱ्याला हा ‘आय’ म्हणजेच ‘इज’ वाटतो. तपासायची सोपी युक्ती आहे: कृतीच्या वाक्यात तो येतो का ते पाहा. ‘सिया आय कुमाइन’ म्हणजे ‘तो जेवला’ किंवा ‘ती जेवली’. आता ‘कुमाइन’ स्वतःच क्रियापद आहे, तरी ‘आय’ मधे हजर. म्हणजे तो ‘आहे’ नव्हे. तागालोगमध्ये सहसा वर्णन किंवा क्रिया आधी येते. तो क्रम उलटून विषय पुढे आणला, की त्या जागी ‘आय’ खूण म्हणून बसतो. असं वाक्य थोडं औपचारिक, पुस्तकी वाटतं. नवशिका प्रत्येक वाक्यात ‘आय’ घालतो, तेव्हा ऐकणाऱ्याला तो भाषण करतोय असं वाटत असणार.

मराठी ‘आहे’ खरं तर तीन कामं एकटा करतो. ‘ती डॉक्टर आहे’ यात तो वर्णन जोडतो, ‘ती घरी आहे’ यात जागा सांगतो आणि ‘तिला घर आहे’ यात असणं सांगतो. तागालोगमध्ये ही कामं वाटून दिली आहेत. पहिल्यासाठी काहीच नाही: ‘दोक्तोर सिया’. दुसऱ्यासाठी ‘नासा’: ‘नासा बाहाय सिया’. तिसऱ्यासाठी ‘माय’: ‘माय बाहाय सिया’. नकारही तसाच वेगळा. ‘ती डॉक्टर नाही’ याला ‘हिन्दी सिया दोक्तोर’ म्हणतात. इथला ‘हिन्दी’ म्हणजे ‘नाही’. आपल्या हिंदी भाषेशी त्याचा संबंध नाही! पण ‘तिला घर नाही’ म्हणायला ‘हिन्दी’ चालत नाही, तिथे ‘वाला’ हा वेगळा शब्द लागतो.

‘असणं’ नाही, पण ‘होणं’ मात्र तागालोगमध्ये आहे. ‘नागिङ दोक्तोर सिया’ म्हणजे ‘ती डॉक्टर झाली’. बदल सांगायचा तर क्रियापद हवं. जे जसं आहे तसंच सांगायचं असेल, तर दोन शब्द शेजारी ठेवणं पुरतं. पुढच्या वेळी शेजारच्या फिलिपिनो घरातलं बोलणं कानावर पडलं, तर ‘आङ’ कुठे येतो तेवढं ऐका. वाक्य कुठे जोडलंय ते लगेच कळेल.