साप्ताहिक पाठटाचणाचे संपादन : येलदरीच्या धरणावरील एका घटकाच्या आधारे

शिक्षकाचे साप्ताहिक टाचण बहुधा वरून खाली लिहिले जाते. प्रथम उद्दिष्टे, मग कृती आणि शेवटी उरलेल्या जागेत मूल्यमापन. या क्रमाने लिहिलेले टाचण वाचताना सुसंगत वाटते. परंतु त्याचे तीनही भाग परस्परांशी जुळतात की नाही, हे त्या क्रमाने तपासता येत नाही. टाचणाचे संपादन उलट दिशेने, म्हणजे आठवड्याच्या शेवटच्या प्रश्नापासून मागे जाऊन करावे लागते. ते कसे करावे, हे दाखविण्यासाठी येथे एक नमुना घेतला आहे. शाळा, टाचण व त्यातील कोष्टके नमुन्यादाखल रचलेली आहेत; स्थळाचा भूगोल मात्र खरा आहे.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी येथे पूर्णा नदीवर धरण आहे. तेथील सातवीच्या वर्गासाठी भूगोलाच्या आठवड्यात 35 मिनिटांचे चार तास आहेत, असे धरू. मूळ टाचणातील उद्दिष्टे तीन होती : विद्यार्थ्यांना धरणाचे महत्त्व समजेल, नदीखोऱ्याची कल्पना येईल, पाणी जपून वापरण्याची वृत्ती निर्माण होईल. कृतींमध्ये पहिल्या तासाला विवेचन व नकाशावाचन, दुसऱ्या तासाला धरणास भेट आणि तिसऱ्या तासाला गटांनी तक्ते तयार करून सादर करणे. चौथ्या तासाला दहा गुणांची चाचणी. तीत नदीचे नाव, धरण पुरे झाल्याचे वर्ष, भिंतीची लांबी इत्यादी प्रश्न.

या चाचणीकडे प्रथम पाहिले, की टाचणातील दोष चटकन उघड होतो. वर्ष व लांबी पाठ केलेल्या मुलास पूर्ण गुण मिळतील. उलट, ज्या मुलास धरण कसे भरते हे खरोखर कळले आहे, त्यास ते सांगण्याची संधी एकाही प्रश्नाने दिलेली नाही. येथे काय कळायला हवे, हेही ठरविणे आवश्यक आहे. गावात पाऊस पडला की धरण भरते, असा मुलांचा सहज समज असतो. वस्तुतः पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. येलदरीच्या वरच्या अंगास बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण आहे आणि तेथून सोडलेले पाणीही येलदरीच्या जलाशयात येते. त्यामुळे गावात थेंब न पडता साठा वाढू शकतो. हा समज दुरुस्त झाला की नाही, याचा पुरावा मूळ चाचणी देत नाही.

म्हणून संपादनाची पहिली पायरी म्हणजे चाचणीचा मुख्य प्रश्न नव्याने लिहिणे. विद्यार्थ्यास चार आठवड्यांचे एक कोष्टक द्यावे. त्यात गावचा पाऊस व धरणातील साठ्याची टक्केवारी असावी. एका आठवड्यात पाऊस शून्य आणि साठा 52 वरून 61 टक्के झालेला असावा. प्रश्न असा : ‘या आठवड्यात साठा का वाढला, ते दोन वाक्यांत सांगा व पाणी कोठून आले ते नकाशावर दाखवा.’ कोष्टकवाचनास चार, कारणास चार व नकाशास दोन गुण.

दुसरी पायरी उद्दिष्टाची. ‘समजेल’, ‘कल्पना येईल’ ही क्रियापदे दृश्य पुरावा मागत नाहीत. प्रश्नावरून उद्दिष्ट असे होते : ‘पाऊस व साठा यांचे कोष्टक वाचून विद्यार्थी साठ्यातील वाढीचे कारण गावच्या पावसात आहे की वरच्या खोऱ्यात, हे कारणासह लिहील व खोरे नकाशावर दाखवील.’ तीन उद्दिष्टांच्या जागी एकच उरले. पाणी जपण्याच्या वृत्तीचे उद्दिष्ट चुकीचे नाही. परंतु ते एका आठवड्याच्या चाचणीत मोजता येत नाही. त्याचे स्थान सत्राच्या निरीक्षणनोंदीत आहे. राल्फ टायलर यांनी 1949 साली उद्दिष्टांवरून अनुभव व मूल्यमापन ठरविण्याची जी पद्धत मांडली, आणि जॉन बिग्ज यांनी 1996 साली या तिहींच्या मेळाविषयी जो विचार मांडला, त्यांच्या मुळाशी हीच जुळणी आहे.

तिसरी पायरी कृतींची. प्रत्येक कृतीसमोर एकच प्रश्न विचारावा : ही वगळली तर चाचणीतील कोणते उत्तर बिघडेल? गटांचे तक्ते वगळले तर एकही बिघडत नाही. कोष्टकवाचनाचा सराव मात्र मूळ टाचणात कोठेच नव्हता. चाचणीत प्रथमच कोष्टक आले असते, तर चुकीचे उत्तर भूगोलाच्या अज्ञानाचे की कोष्टकाच्या अपरिचयाचे, हे कळले नसते.

चौथी पायरी वेळेची. 35 मिनिटांतून वर्ग स्थिरावणे व हजेरी यांस पाच, गृहपाठ व आवराआवर यांस तीन मिनिटे वजा केली, की 27 उरतात. मूळ पहिल्या तासात चर्चा 10, विवेचन 20 व नकाशा 15, म्हणजे 45 मिनिटे नोंदलेली होती. ही बेरीज कोणीच केली नव्हती. सहा गटांनी प्रत्येकी पाच मिनिटे बोलायचे आणि बदलास एक मिनिट धरायचे, तर 36 मिनिटे होतात. धरण शाळेपासून पाऊण किलोमीटरवर धरले, तरी चाळीस मुलांच्या रांगेस जाण्यास बारा व येण्यास बारा मिनिटे लागतील; पाण्याजवळ दोनदा मोजणी करावी लागेल, ती निराळी. भेट म्हणजे केवळ चालणेच ठरेल. ती रद्द न करता परवानगी घेऊन, स्वतंत्र उद्दिष्टासह व जोडतासात, पुढील आठवड्यात नेणे योग्य.

संपादित टाचण असे होते. पहिला तास : ‘गावात पाऊस नसताना धरण भरेल काय?’ यावर प्रत्येकाचा लेखी अंदाज 4 मिनिटे, नकाशावर पूर्णेचे वरचे खोरे रेखाटणे 15, चर्चा 8. दुसरा : कोष्टकातील एक आठवडा शिक्षकाने वाचून दाखविणे 8, जोडीने दोन आठवडे वाचणे 12, फळ्यावर पडताळा 7. तिसरा : निराळे कोष्टक एकट्याने वाचणे 10, कारण लिहिणे 10, अदलाबदल करून तपासणी 7. चौथा : चाचणी 15, चुकांची चर्चा 8, राखीव 4.

या पद्धतीचा एक धोका आहे. प्रश्न आधी ठरला, की शिक्षक त्याचेच उत्तर घोटवून घेतो. म्हणून चाचणीतील कोष्टक वर्गात दाखविलेले नसावे आणि एखाद्या आठवड्यात गावी भरपूर पाऊस होऊनही साठा जवळजवळ स्थिर असावा. ‘नेहमी वरचे पाणी’ हे पाठ केलेले उत्तर तेथे अडखळते. पहिल्या दिवशीचा लेखी अंदाज व चाचणीतील उत्तर शेजारी ठेवले, की शिकविण्याने काय बदलले तेही दिसते.

शेवटी, प्रत्येक कृतीस प्रत्यक्ष लागलेली मिनिटे टाचणाच्या समासात त्याच दिवशी लिहावीत. दुसऱ्या तासातील जोडीच्या वाचनास 12 ऐवजी 19 मिनिटे लागली, तर पुढील आठवड्यात 19 हाच आकडा धरून दुसरे काही वगळावे. अन्यथा दर आठवड्यास चौथ्या तासाची चाचणीच कापली जाते, आणि ज्या प्रश्नापासून संपादन सुरू झाले, तोच अनुत्तरित राहतो.