'चहाबिहा' इंग्रजीत नेताना

एका मराठी कथेचा इंग्रजी अनुवाद मी करत होते. कथेतली म्हातारी दारात आलेल्या पोस्टमनला म्हणते, "बस जरा, चहाबिहा घे." मी लिहिलं, 'टी अँड स्नॅक्स'. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीला मराठी येत नव्हतं. तिने विचारलं, "पुढच्याच पानावर हिच्या डब्यात पीठसुद्धा नाही. मग स्नॅक्स कुठून आले?" तिचा प्रश्न रास्त होता. म्हातारीने न दिलेलं आश्वासन मी तिच्या तोंडी घातलं होतं. 'बिहा'मध्ये फराळाची बशी नव्हतीच.

मग काय होतं? 'बिहा'ला स्वतःचा अर्थ नाही, पण तो बाजूच्या शब्दाची कड सैल करतो. 'चहा घेणार का?' या प्रश्नाला हो किंवा नाही एवढीच उत्तरं आहेत. 'चहाबिहा घेणार का?' म्हटलं की पाहुणा कॉफी म्हणू शकतो, नुसतं पाणी मागू शकतो, 'आत्ताच झाला हो' म्हणून सुटूही शकतो. यजमानावर भार नाही आणि पाहुण्यावर दडपण नाही. 'चहापाणी' वेगळं. तो ठरलेला जोडशब्द आहे, त्यात पाहुणचाराचा रीतसर भाग येतो आणि कचेरीत उच्चारला तर लाचेचा वासही. 'चहाबिहा'त यातलं काही नाही.

शाळेच्या व्याकरणात आपण 'दगडबिगड' हा अंशाभ्यस्त शब्द म्हणून शिकलो. पण त्याच प्रकरणातल्या 'शेजारीपाजारी'पेक्षा त्याची जात निराळी आहे. 'पाजारी' फक्त शेजाऱ्यालाच लागतो. 'बि' मात्र जवळजवळ कशालाही लागतो. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथे 'बि' बसवायचं, बाकीचं तसंच ठेवायचं. पुस्तकबिस्तक, कामबिम, भांडणबिंडण, ऑफिसबिफिस, पासवर्डबिसवर्ड. काल आलेल्या परक्या शब्दालाही आपण विचार न करता बोलता बोलता ही शेपटी लावतो. 'बिल'सारख्या शब्दाशी मात्र ती अडते, कारण प्रतिध्वनी मूळ शब्दासारखाच होतो. मग आपण मुकाट्याने 'वगैरे' म्हणतो. शेजारच्या भाषांतही ही सोय आहे, फक्त ध्वनी बदलतो. हिंदीत चाय-वाय, बंगालीत चा-टा, कानडीत कॉफी-गीफी.

इंग्रजीत असं यंत्र नाही. अमेरिकेत यिद्दिशमधून आलेली एक लकब आहे, 'फॅन्सी-श्मॅन्सी'. ती आपल्या प्रतिध्वनी शब्दांसारखी दिसते म्हणून अनुवादकाला मोह होतो. पण त्या 'श्म'मध्ये टिंगल असते. म्हातारीने 'टी-श्मी' देऊ केला तर ती पोस्टमनची किंवा चहाची खिल्ली उडवते आहे असं वाटेल, आणि वर ती न्यू यॉर्कची रहिवासी होईल.

इंग्रजी माणूस हा सैलपणा वाक्याच्या शेवटी ठेवतो, 'ऑर समथिंग', 'ऑर एनिथिंग', 'अँड स्टफ', 'अँड ऑल दॅट' अशा तुकड्यांत. त्यांपैकी कोणता घ्यायचा हे मराठी शब्द पाहून ठरत नाही, त्या वाक्यात 'बि' काय करतो आहे ते पाहून ठरतं. 'पुस्तकंबिस्तकं आवर' यात खरोखर आणखी वस्तू आहेत. वह्या असतील, पेनं असतील. तिथे 'अँड' लागतं, 'युअर बुक्स अँड थिंग्ज'. चहाच्या आग्रहात आणखी वस्तू नाहीत, पर्याय आहे. तिथे 'ऑर' लागतं. माझी चूक नेमकी इथे होती. मी 'किंवा'च्या जागी 'आणि' घातलं आणि गरीब घरात फराळ नेऊन ठेवला.

तिसरं काम सगळ्यांत अवघड. 'लग्नबिग्न नको मला' म्हणणाऱ्या मुलीला लग्न आणि साखरपुडा आणि हळद नको आहे, असं नाही. ती अख्खी कल्पनाच हाताने झटकते आहे. 'आय डोन्ट वॉन्ट मॅरेज अँड सच थिंग्ज' हे व्याकरणात बसतं, पण त्यातली मुलगी अर्ज लिहिते आहे असं वाटतं. 'आय्म नॉट गेटिंग मॅरीड ऑर एनी ऑफ दॅट' यात तो झटका येतो.

आता एक छोटा संवाद घेऊ.

"ये ना वर, चहाबिहा घे. का ऑफिसला-बिफिसला निघालास?"

"नाही हो काकू, रजा काढलीय. आईला डॉक्टरबिक्टरकडे न्यायचंय."

"अगं बाई! पडल्या-बिडल्या की काय?"

इथे तीन ओळींत चार वेळा 'बि' आलाय. पहिला सरळ आहे, 'कम अप, हॅव सम टी ऑर समथिंग'. यातल्या 'सम'लाही महत्त्व आहे, कारण 'अ कप ऑफ टी' म्हटलं की एक ठरलेला कप समोर येतो. दुसऱ्या 'बि'साठी पुन्हा 'ऑर समथिंग' लावलं तर कान विटतो. तो मी गाळते आणि त्याची सहजता क्रियापदात टाकते, 'ऑर आर यू ऑफ टू वर्क?' तिसऱ्यात तर 'टू द डॉक्टर ऑर समथिंग' म्हणणं धोक्याचं आहे, कारण मुलाला आईला कुठे न्यायचं तेच ठाऊक नाही असं वाचकाला वाटेल. त्याला ठाऊक आहे, फक्त काकूंनी घाबरू नये म्हणून तो गोष्ट हलकी करून सांगतोय. म्हणून 'आय्म जस्ट टेकिंग मम टू द डॉक्टर'. मराठीत 'बिक्टर'ने केलेलं काम इथे 'जस्ट'ने केलं. चौथ्यात 'बि' क्रियापदाला लागलाय. त्यात काळजी आहे, आणि ती उच्चारताना अशुभ बोलल्यासारखं होऊ नये हा संकोचही. 'शी हॅझन्ट फॉलन ऑर एनिथिंग, हॅज शी?' नकारार्थी प्रश्न आणि शेवटचं शेपूट मिळून तो संकोच धरतात.

चारपैकी दोनच ठिकाणी 'ऑर'चा तुकडा राहिला आणि ते योग्य आहे. मराठीत तीन वेळा 'बि' म्हणणाऱ्या काकू ठाम बाई आहेत. इंग्रजीत तीन वेळा 'ऑर समथिंग' म्हणणारी व्यक्ती चाचरणारी किंवा बेफिकीर पोरगेलेशी वाटते. अनुवादात शब्द हरवला तर भरून काढता येतो. पात्राचा स्वभाव बदलला तर पुढची सगळी पानं बिघडतात.

काही जण 'चहाबिहा' तसाच रोमन लिपीत ठेवतात. कादंबरीत एखाद्या वेळी, चहा समोर उकळत असताना, ते चालतं. वाचक नाद ऐकतो आणि अर्थ प्रसंगातून घेतो. पण त्यापुढे स्वल्पविराम देऊन 'टी अँड सच थिंग्ज' असा खुलासा जोडला की बोलणं थांबतं आणि शब्दकोश सुरू होतो. त्यापेक्षा नुसतं 'फॅन्सी अ टी?' बरं, निदान इंग्लंडमधल्या वाचकासाठी. त्यात 'बि' दिसत नाही, पण दार उघडं राहतं.

मी आता एक चाचणी करते. मराठी न येणाऱ्या माणसाला इंग्रजी ओळ वाचून दाखवते आणि विचारते, "या बाईच्या स्वयंपाकघरात काय तयार असेल?" उत्तर 'केक, सँडविच' असं आलं तर ओळ पुन्हा लिहायची. 'माहीत नाही, काहीतरी गरम असेल' असं आलं तर ठेवायची. म्हातारीची ओळ अखेर 'सिट अ मिनिट, हॅव सम टी ऑर समथिंग' अशी छापली गेली.